गुलाबी कूलंटमध्ये हिरवं मिसळलंय, टाकीत तपकिरी गाळ: नुकसान कितपत झालं असेल?

निरंजन_व

नमस्कार मंडळी,

नुकतीच एक वापरलेली पेट्रोल गाडी घेतली. इंजिन छान चालतंय, तापमानाचा काटाही जागेवर असतो. पण बॉनेट उघडून कूलंटची टाकी पाहिली तर आतलं पाणी गढूळ तपकिरी आणि तळाशी मऊसर गाळ बसलेला. हीटर लावला की हवा कोमट येते, गरम नाही.

गाडीच्या पुस्तिकेत गुलाबी, दीर्घ मुदतीचं, फॉस्फेट असलेलं ऑरगॅनिक कूलंट सांगितलंय आणि 'सिलिकेट असलेलं वापरू नये' असं स्पष्ट छापलंय. आधीच्या मालकांनी पावत्या नीट जपल्यात. त्यातल्या एकीवर 'कूलंट टॉप-अप, हिरवं, दीड लिटर' अशी नोंद आहे. कोणत्या प्रकारचं हिरवं, ते लिहिलेलं नाही. पूर्ण सिस्टीममध्ये ७ लिटर मावतं.

माझे प्रश्न असे: हा गाळ मिसळण्यामुळेच झालाय हे कसं ओळखायचं? नुसतं काढून नवीन भरलं तर पुरेल का? आणि इंजिनाच्या आत काय बिघडलं असू शकतं?

गाडीवान

सोपं आहे. हिरव्यात हिरवं, गुलाबीत गुलाबी. रंग जुळला की कंपनी कुठलीही असो, चालतं. रंग वेगळा असला की गाळ होणारच. सगळं काढून टाका, गुलाबी भरा, विषय संपला.

अपर्णा_क्षरण

गाडीवान, यातला 'रंग वेगळा असेल तर घालू नका' हा भाग सावधगिरी म्हणून ठीक आहे. 'रंग जुळला की चालतं' हा भाग मात्र गाड्या बिघडवतो. मी क्षरणरोधक द्रव्यांच्या चाचण्यांचं काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कूलंटमधलं ग्लायकॉल आणि पाणी दोन्ही मुळात रंगहीन असतात. रंग शेवटी टाकतात, गळती पटकन दिसावी आणि कोणी चुकून पिऊ नये म्हणून. कुठल्या रसायनाला कुठला रंग द्यायचा, हे ठरवणारा जागतिक नियम नाही. एक उदाहरण पुरेसं आहे. जी-०५ नावाचं एकच हायब्रिड, म्हणजे ऑरगॅनिक आणि सिलिकेट दोन्ही असलेलं रसायन फोर्ड पिवळ्या रंगात देत असे आणि क्रायस्लर नारिंगी-गुलाबी रंगात. त्याच काळात जनरल मोटर्सचं डेक्स-कूल हेही नारिंगीच होतं, पण त्यात सिलिकेट अजिबात नव्हतं. दोन नारिंगी बाटल्या शेजारी ठेवल्या असत्या तर नजरेला फरक कळला नसता, आणि आतलं रसायन मात्र वेगळं.

हिरव्याचंही तेच. जुनं, सिलिकेटवालं, दोन वर्षांत बदलायचं कूलंट हिरवं असतं. काही जपानी आणि कोरियन गाड्यांचं फॉस्फेटवालं, सिलिकेट नसलेलं कूलंटही हिरवंच असतं. म्हणून निरंजन, तुमच्या पावतीवरचं 'हिरवं' वाचून नक्की काय मिसळलं ते सांगता येत नाही. गाळाकडूनच ते काढून घ्यावं लागेल.

जुनापाना

अपर्णाताईंनी रसायन सांगितलं, मी हातातली गोष्ट सांगतो. गढूळ तपकिरी दिसलं की सगळ्यात आधी एकच बघायचं: हे तेल तर नाही ना? हेड गॅस्केट किंवा ऑइल कूलर गेला की तेल कूलंटमध्ये उतरतं आणि तपकिरी साय धरते. लोक त्याला कूलंटचा गाळ समजून फ्लश करत बसतात आणि इंजिन हातचं जातं.

गाडी पूर्ण गार असताना झाकण उघडा. गरम इंजिनाचं झाकण कधीही उघडायचं नाही, आतलं पाणी दाबाखाली असतं आणि उसळून अंगावर येतं. लांब चमच्यानं टाकीच्या तळाचा थोडा गाळ काढा आणि बोटांत चोळा. तेलाचा असेल तर बुळबुळीत लागतो, नुसत्या पाण्यानं हात धुतला जात नाही, भांडी घासायच्या साबणानं मात्र लगेच सुटतो. शिवाय तेलाची साय वर तरंगते. तुमचा गाळ तळाशी आहे म्हणता, ही बरी खूण आहे, पण खात्री करून घ्या. डिपस्टिक आणि तेल भरायच्या झाकणाची आतली बाजूही बघा. तिथे दुधाळ साय दिसली तर कूलंट बाजूला ठेवून आधी गॅस्केटकडे बघावं लागेल.

अपर्णा_क्षरण

जुनापाना बरोबर सांगतायत. त्याच नमुन्याची पुढची तपासणी घरी करता येते. गाळ जुन्या सुती फडक्यातून गाळून घ्या आणि फडक्यावर डिस्टिल्ड वॉटर दोन-तीनदा ओता, म्हणजे ग्लायकॉल निघून जाईल. मग उन्हात पूर्ण वाळू द्या. वाळल्यावर लालसर मऊ पूड उरली तर मुख्यतः गंज. पांढरट-करडे, टणक, बोटांना खरखरीत लागणारे कण उरले तर सिलिकेटचा संशय धरायचा. त्यावर व्हिनेगरचे थेंब टाका. फसफसलं तर पाण्यातल्या चुन्याचा साका आहे. काहीच झालं नाही आणि कण विरघळलेही नाहीत, तर सिलिका. कॅल्शियम फॉस्फेट असेल तर ते फसफसत नाही, पण व्हिनेगरमध्ये हळूहळू विरघळतं. ही प्रयोगशाळेची चाचणी नव्हे, दिशा कळते इतकंच.

कूलंट विषारी असतं आणि चवीला गोडसर, म्हणून वाटी आणि फडकं कुत्र्या-मांजरांच्या तोंडी लागेल असं ठेवू नका.

मृदुला_प

मलाही हाच त्रास आहे! माझ्या गाडीचा हीटर गार हवा देतो. कूलंट मात्र स्वच्छ निळं आहे, कधी काही मिसळलेलं नाही. मीही फ्लश करून घेऊ का?

जुनापाना

मृदुलाताई, तुमची केस वेगळी दिसते. इंजिन पूर्ण गरम झालं, हीटर पूर्ण गरमवर ठेवला, की इंजिन आणि डॅशबोर्डच्या मधल्या पत्र्यातून आत जाणारे दोन रबरी पाइप शोधा आणि जपून हात लावून बघा. दोन्ही गरम असतील तर पाणी नीट फिरतंय, दोष आतल्या हवेच्या झडपेचा. एक गरम आणि दुसरा त्याहून बराच गार असेल तर हीटर कोअर, म्हणजे डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटर, तुंबलाय. दोन्ही गार असतील तर कूलंट कमी आहे, हवा अडकलीय किंवा थर्मोस्टॅट उघडाच राहिलाय. तुमचं कूलंट स्वच्छ आहे, म्हणून आधी पातळी बघा. फ्लशची घाई नको.

निरंजन, हीच तपासणी तुम्हीही करा.

आकाश_त

मला वाटतं इथे विनाकारण भीती घातली जातेय. मी स्वतः हिरवं आणि नारिंगी काचेच्या बरणीत अर्धं-अर्धं मिसळून ठेवलं होतं. कित्येक आठवडे झाले तरी ना गाळ, ना जेली. नुसता रंग मातकट झाला. म्हणजे मिसळल्यानं जेली होते ही ऐकीव गोष्ट आहे, नाही का?

अपर्णा_क्षरण

आकाश, तुमचं निरीक्षण खरं आहे आणि महत्त्वाचंही. बहुतेक मिश्रणांत डोळ्यांना काहीच दिसत नाही. पण त्यावरून 'मिसळलं तरी चालतं' असा निष्कर्ष निघत नाही. का ते सांगते.

जुनं हिरवं कूलंट सिलिकेटवर चालतं. सिलिकेट ॲल्युमिनियमच्या सगळ्या पृष्ठभागावर अगदी पातळ थर चढवतं. हे काम फार झटपट होतं, पण थर झिजतो, पुन्हा चढतो आणि त्यात सिलिकेट खर्च होत जातं. म्हणून दोन वर्षांनी ते बदलायचं. ऑरगॅनिक कूलंटचं काम वेगळ्या तऱ्हेनं चालतं. त्यातली कार्बोक्झिलिक आम्लांची लवणं सगळीकडे थर देत नाहीत, जिथे क्षरण सुरू होतं तिथेच जाऊन बसतात. सुरुवातीला हळू, पण खर्च अगदी कमी, म्हणून पाच-पाच वर्षं टिकतात. तुमच्या बरणीत धातूच नव्हता, त्यामुळे या दोन्ही कामांपैकी एकही तिथे होणार नव्हतं.

आता जेली. सिलिकेट पाण्यात विरघळलेलं राहावं म्हणून कूलंट बरंच अल्कली ठेवतात, पीएच साधारण १० च्या आसपास, आणि सोबत त्याला धरून ठेवणारा स्टॅबिलायझर घालतात. ऑरगॅनिक कूलंटचा पीएच बहुधा साडेआठच्या जवळ असतो. दोन्ही एकत्र आली की पीएच खाली येतो आणि स्टॅबिलायझरचं प्रमाण बिघडतं. मग सिलिकेटचे रेणू एकमेकांना जोडून लांब साखळ्या आणि जाळी करायला लागतात. तीच जेली. पण ते लगेच आणि हमखास होतं असं नाही. उष्णता लागते, वेळ लागतो, आणि नळाचं कठीण पाणी असेल तर त्यातलं कॅल्शियम मदतीला येतं. टॉप-अप करणारे पुष्कळदा नळाचंच पाणी वापरतात. फॉस्फेटवाल्या कूलंटमध्ये तेच कॅल्शियम गेलं तर सिलिकेट नसतानाही साका बसतो. युरोपातल्या कंपन्या फॉस्फेट टाळतात त्यामागे तिथलं कठीण पाणी हे मोठं कारण आहे. जपानी कंपन्यांनी सिलिकेट टाळलं ते वॉटर पंपाच्या सीलची झीज होऊ नये म्हणून. दोघांचीही चिंता रास्त होती, फक्त उत्तरं वेगळी निघाली.

जेली झाली नाही तरी खरं नुकसान न दिसता चालू असतं. निरंजनचेच आकडे घ्या. ७ लिटरमध्ये दीड लिटर परकं कूलंट म्हणजे २१ टक्क्यांच्या वर. हिरवं जर जुन्या पद्धतीचं असेल, तर त्यातल्या सिलिकेटचा एरवी असतो त्याच्या जेमतेम पाचवा भाग आता सिस्टीममध्ये आहे. तो काही काळात खर्च होतो. ऑरगॅनिक द्रव्यंही तेवढीच पातळ झालेली. म्हणजे दोन्हींपैकी कुणाचाच पूर्ण डोस नाही, आणि पाच वर्षांची मुदत तर गेलीच. अवजड इंजिनांच्या क्षेत्रात यासाठी मर्यादा ठरवलेल्या असतात. दीर्घ मुदतीच्या कूलंटमध्ये जुन्या प्रकारचं १० टक्क्यांच्या वर गेलं तर त्याला दीर्घ मुदतीचं मानायचं नाही, असा एका मोठ्या इंजिन कंपनीचा दंडक आहे. काही कूलंट उत्पादक २५ टक्क्यांपर्यंत सूट देतात. निरंजनची गाडी या दोन रेषांच्या मधे येते.

आकाश_त

हे पटलं. बरणीत धातू नव्हता, ही गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. मग मिश्रण अजून चांगलं आहे की नाही हे मोजता येतं का? माझ्याकडे रिफ्रॅक्टोमीटर आहे.

गाडीवान

मल्टीमीटर वापरा. निगेटिव्ह टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, पॉझिटिव्ह टोक कूलंटमध्ये बुडवायचं, धातूला टेकू द्यायचं नाही. ०.३ व्होल्टच्या वर गेलं की कूलंट संपलं, बदला.

अपर्णा_क्षरण

रिफ्रॅक्टोमीटर फक्त ग्लायकॉल किती ते सांगतो. संरक्षक द्रव्यं पूर्ण संपलेलं कूलंटसुद्धा त्यावर उत्तम दिसतं, कारण ग्लायकॉल संपत नाही.

मल्टीमीटरची पद्धत अगदीच चुकीची नाही. कूलंट विद्युत्वाहक होऊन दोन धातूंमध्ये बॅटरीसारखा प्रवाह सुरू झाला की व्होल्टेज दिसतं. पण एखाद्या पंख्याचं किंवा मोटरचं अर्थिंग खराब असलं तरी तसंच दिसतं, आणि अगदी नवीन कूलंटही थोडं व्होल्टेज दाखवू शकतं. त्यामुळे जास्त आकडा आला तर शोध घ्यायचा. कमी आला म्हणून निश्चिंत व्हायचं नाही. मिसळलं गेलंय की नाही, हे तर त्यातून मुळीच कळत नाही.

निरंजन_व

सगळ्यांचे आभार. तपासण्या केल्या.

गाळ बुळबुळीत नव्हता, साध्या पाण्यानं हात स्वच्छ झाला. डिपस्टिक आणि झाकण दोन्ही स्वच्छ. गाळून वाळवल्यावर दोन गोष्टी उरल्या: थोडी विटकरी पूड आणि बरेच करडे-पांढरे कण. नखानं दाबले तर फुटत नाहीत, काचेवर घासले तर खरखर आवाज येतो. व्हिनेगरमध्ये फसफस नाही. रात्रभर ठेवले, आहेत तसेच राहिले.

हीटरचा एक पाइप चांगला गरम, दुसरा हाताला जेमतेम कोमट.

अपर्णा_क्षरण

म्हणजे गंज आहे, पण मोठा हिस्सा सिलिकेटचा दिसतो. पुस्तिकेतल्या कूलंटमध्ये सिलिकेट नसतं, तेव्हा ते बाहेरून आलं. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतांशी 'हो' असं देता येईल. बहुतांशी एवढ्यासाठी, की रेडिएटर बनवताना पत्रे जोडायला जे फ्लक्स वापरतात त्याचे अवशेषही कूलंटशी प्रतिक्रिया करून साका तयार करतात. तो भाग किती, हे घरी वेगळं काढता येत नाही.

जुनापाना

हीटर कोअर तुंबलाय यात मला शंका नाही. त्याच्या नळ्या अरुंद असतात, पाणी सावकाश फिरतं, गाळ तिथेच आधी बसतो. रेडिएटरचा नंबर नंतर लागतो.

पण मला दुसरीच गोष्ट खटकतेय. मुळात दीड लिटर कूलंट गेलं कुठे? ही बंद सिस्टीम आहे. वर्षाकाठी थोडीफार पातळी उतरते, पण दीड लिटर उतरत नाही. ज्यानं टॉप-अप केलं त्यानं गळती शोधली नाही, नुसतं ओतलं. निरंजन, वॉटर पंप शोधा. त्याच्या अंगाला खालच्या बाजूस एक बारीक भोक असतं, सील गळायला लागलं की पाणी तिथून झिरपतं. टॉर्च मारून फोटो टाका.

निरंजन_व

बघितलं. भोकाखाली पंपाच्या अंगावर वाळलेला ओघळ आहे. चाकूच्या टोकानं खरवडला तर दोन थर निघाले. खालचा, धातूला चिकटलेला, स्वच्छ गुलाबी. वरचा तपकिरी-करडा आणि जाड. आत्ता ओलं नाही.

जुनापाना

याहून चांगला पुरावा मिळायचा नाही. खालचा थर गुलाबी आहे, म्हणजे पंप आधीच गळत होता, शुद्ध गुलाबी कूलंट असताना. त्यामुळे पातळी उतरली, म्हणून कुणीतरी हिरवं ओतलं, आणि मग वरचा मातकट थर. गळती मिश्रणामुळे सुरू झाली नाही, गळतीमुळे मिश्रण झालं.

अपर्णा_क्षरण

सहमत, आणि एक जोड देते. वरचा थर जाड आहे. सीलच्या दोन घासणाऱ्या तोंडांमध्ये कूलंटचा अगदी पातळ पापुद्रा असतो, त्यात सिलिकाचे टणक कण शिरले की ते घासकागदासारखं काम करतात. म्हणजे गळती आधीपासून असली तरी नंतर ती मिश्रणामुळे वाढली असणं शक्य आहे. थर जाड दिसण्याचं कारण केवळ गेलेला काळही असू शकतो, म्हणून मी ठामपणे म्हणणार नाही.

यातून आणखी एक प्रश्न उभा राहतो. पातळी बराच काळ कमी राहिली असेल, तर सिस्टीममध्ये हवा शिरली. ऑरगॅनिक कूलंटला ते मानवत नाही. जनरल मोटर्सनं १९९५-९६ पासून डेक्स-कूल आणलं, तेव्हा काही इंजिनांमध्ये झाकणाखाली तपकिरी चिखल साचल्याच्या तक्रारी आल्या. त्या वादात कमी पातळी आणि आत शिरलेली हवा हा मुद्दा वारंवार पुढे आला. तेव्हा निरंजनच्या गाळातली विटकरी पूड हवेमुळे, की संरक्षण पातळ झाल्यामुळे, हे मला सांगता येणार नाही. उपाय मात्र दोन्हींवर एकच.

गाडीवान

ठीक आहे, मग पंप बदला, खालचा बोल्ट उघडून पाणी काढा आणि गुलाबी तयार मिश्रण भरा. आता तरी विषय संपला ना?

जुनापाना

गाडीवान, इथेच बरेच जण फसतात. रेडिएटरचा खालचा बोल्ट उघडला की ७ लिटरपैकी साधारण ४ लिटर निघतं. उरलेलं ३ लिटर इंजिन ब्लॉक आणि हीटरमध्येच राहतं. म्हणजे एकदा काढून भरलं तरी ४३ टक्के जुनं मिश्रण आतच. म्हणून डिस्टिल्ड वॉटर भरायचं, हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालू करायचं, थर्मोस्टॅट उघडून वरचा जाड पाइप गरम झाला की थोडं फिरू द्यायचं, पूर्ण गार करायचं, पुन्हा काढायचं. दुसऱ्यांदा काढून भरल्यावर जुनं १८ टक्के उरतं, तिसऱ्यांदा ८, चौथ्यांदा साडेतीनच्या आसपास. निघणारं पाणी काचेच्या ग्लासात धरून बघा, नुसतं स्वच्छ नाही तर तळाशी कण बसत नाहीत असं दिसलं पाहिजे.

आता शेवटचं भरणं. चौथ्या फेरीनंतर ४ लिटर काढलंत, आत ३ लिटर जवळजवळ साधं पाणी आहे. त्यावर ५०-५० चं तयार मिश्रण ४ लिटर ओतलं तर ग्लायकॉल होतं २ लिटर, ७ लिटरमध्ये २९ टक्केसुद्धा नाही. संरक्षक द्रव्यंही त्याच हिशोबानं कमी. एवढा खटाटोप करून पुन्हा अपुरा डोस! कॉन्सन्ट्रेट मिळत असेल तर साडेतीन लिटर कॉन्सन्ट्रेट ओतायचं आणि वर अर्धा लिटर डिस्टिल्ड वॉटर. बरोब्बर निम्मं-निम्मं.

निरंजन_व

अडचण अशी की या गाडीचं गुलाबी फक्त तयार मिश्रणातच मिळतं, कॉन्सन्ट्रेट नाही.

जुनापाना

मग दोन रस्ते. पंप बदलताना तसंही बरंच पाणी निघतं. त्याच वेळी इंजिन ब्लॉकला ड्रेनचा बोल्ट असेल तर तोही उघडायचा, खालचा पाइप सोडायचा, म्हणजे आत फारच थोडं उरतं. हा रस्ता चांगला. बोल्ट नसेल किंवा हलत नसेल तर जबरदस्ती करू नका. त्याऐवजी शेवटच्या फेऱ्या तयार मिश्रणानंच करा. पहिल्या फेरीत २९ टक्क्यांपर्यंत येतं, दुसरीत ४१, तिसरीत ४६. कूलंट जास्त लागतं, पण डोस पूर्ण होतो. मी स्वतः ४० च्या खाली सोडत नाही. इथे तुमचा रिफ्रॅक्टोमीटर खरा कामाला येईल, आकाश.

आकाश_त

फ्लशच्या गोळ्या किंवा सायट्रिक ॲसिडनं गाळ विरघळणार नाही का? मग एवढ्या फेऱ्या कशाला?

अपर्णा_क्षरण

सायट्रिक ॲसिड गंजावर आणि चुन्यावर चालतं. सिलिकावर जवळजवळ काहीच करत नाही, निरंजनच्या व्हिनेगरमध्ये आपण तेच पाहिलं. सिलिका विरघळवायला तीव्र अल्कली लागतं आणि ते ॲल्युमिनियम खातं. म्हणून जेली मऊ आहे तोवर पाण्यानं वाहून काढणं हाच सुरक्षित मार्ग, आणि म्हणूनच उशीर करायचा नाही. एकदा वाळून टणक झाली की नळीतून निघत नाही. जुनापानांनी सांगितलेले टक्के विरघळलेल्या द्रव्याचे आहेत, चिकटून बसलेल्या साक्याला ते लागू नाहीत, हेही ध्यानात ठेवा.

जुनापाना

हीटर कोअरचे दोन्ही पाइप सोडून नेहमीच्या प्रवाहाच्या उलट दिशेनं पाणी सोडा, कमी दाबानं. जोरात सोडलं तर जुना कोअर फुटतो आणि पाणी गाडीच्या आत येतं. आधी हा कार्यक्रम करा, मग पुढच्या फेऱ्या, नाहीतर सुटलेला गाळ नव्या पाण्यात जाईल. तरीही दुसरा पाइप गरम झाला नाही तर कोअर बदलणं आलं.

मृदुला_प

जुनापाना काका, तुम्ही म्हणालात तसं पाहिलं. दोन्ही पाइप गार होते आणि टाकीत पातळी 'लो'च्या खाली. पातळी भरली, हीटर चालू झाला. पण आता तुमचाच प्रश्न मला पडलाय: माझं कूलंट गेलं कुठे? आणि मी टॉप-अपला 'सर्व गाड्यांसाठी' असं लिहिलेलं आणलंय, ते चालेल ना?

अपर्णा_क्षरण

ताई, ती कूलंटं बहुधा ऑरगॅनिक असतात आणि जेली होणार नाही इतपत काळजी घेऊन बनवलेली असतात. अडीअडचणीला घालायला हरकत नाही. पण 'जेली होत नाही' आणि 'तुमच्या मूळ कूलंटइतकं संरक्षण टिकतं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पातळ होण्याचा हिशोब त्यालाही लागू आहे. थोडंसंच कमी असेल आणि दुसरं काही हाताशी नसेल, तर मी डिस्टिल्ड वॉटर घालणं पसंत करते. कडाक्याची थंडी नसेल तर त्यानं फार बिघडत नाही, आणि परकं रसायन आत जात नाही.

गाडीवान

कडाक्याची थंडी असेल तर?

अपर्णा_क्षरण

तर पाणी नको. निम्म्या-निम्म्या मिश्रणाचा गोठणबिंदू साधारण उणे ३७ अंश असतो, पाणी वाढलं की तो भराभर वर येतो. अशा वेळी गाडीच्या पुस्तिकेतलं स्पेसिफिकेशन जुळणारं कूलंटच शोधायचं. बाटलीच्या पुढच्या बाजूचा रंग नाही, मागच्या बाजूचा क्रमांक वाचायचा. फोक्सवॅगनचं उदाहरण बघा. जी-११ मध्ये सिलिकेट होतं, तांबडं जी-१२ सिलिकेटमुक्त, आणि दोन्ही मिसळली की तपकिरी व्हायचं. पुढे त्यांनी जांभळट जी-१२ प्लस काढलं, जे दोन्हींत चालतं. नावात फरक फक्त 'प्लस'चा, पण गाडीत काय जाईल ते त्यावर ठरतं.

आकाश_त

एक शेवटचं. काही ऑरगॅनिक कूलंटमधलं २-ईएचए नावाचं आम्ल गॅस्केट आणि प्लॅस्टिक मऊ करतं असं वाचलंय. खरं आहे का? निरंजननं नवीन भरताना ते नसलेलं निवडावं का?

अपर्णा_क्षरण

ते काही सिलिकोन रबर आणि विशिष्ट प्लॅस्टिकला मऊ करू शकतं, म्हणून काही कंपन्या ते टाळतात. पण तेच आम्ल असलेलं कूलंट वर्षानुवर्षं वापरणाऱ्या लाखो गाड्या ठीक चालतात, कारण त्यांची गॅस्केट त्या हिशोबानं निवडलेली असतात. माझ्या मते गॅस्केट कशाचं आहे हे माहीत नसताना पुस्तिकेबाहेर जाऊ नये.

जुनापाना

मी याबाबत जास्त कडक आहे. जुन्या गाड्यांत पुस्तिकेनं नाकारलेलं कूलंट गेल्यावर इनटेकच्या गॅस्केटमधून गळती झालेली पाहिलीय. वय झालेलं गॅस्केट तसंही गळतं, त्यामुळे दोष कूलंटचाच होता हे मी सिद्ध करू शकत नाही, पण मी ते घालत नाही.

निरंजन, पंप काढलात की टाकून देऊ नका. आतली पाती आणि सीलची घासणारी तोंडं पुसून जवळून फोटो काढा. पातींच्या कडा खाल्ल्यासारख्या, खड्डे पडलेल्या दिसल्या तर बरेच दिवस संरक्षण अपुरं होतं. पाती स्वच्छ आणि फक्त सीलवर गोल ओरखडे असतील तर कणांनीच सील घासलंय. पहिली गोष्ट निघाली तर थर्मोस्टॅटच्या घराची आतली बाजू आणि ॲल्युमिनियमच्या पाइपांची तोंडंही बघून घ्या, तिथेही तसेच खड्डे सापडतील.

निरंजन_व

ठेवतो. ब्लॉकचा ड्रेन बोल्ट सापडलाय, गंजलेला नाही. पंप, थर्मोस्टॅट आणि झाकण नवीन घेतलंय. पंप उतरवला की सीलचे फोटो इथेच टाकतो.